हप्ते तिमाही, व्याज दरमहा: आजची किंमत नेमकी किती?

वाचकाचा प्रश्न

गावाकडच्या घरातला माझा हिस्सा थोरला भाऊ घेणार आहे. तो म्हणतो, आज एकरकमी ७,२०,००० घे, नाहीतर पाच वर्षं दर तीन महिन्यांनी ४५,००० घे. आमचं घरकर्ज ९ टक्क्यांनी चालू आहे, व्याज दरमहा लागतं. मुद्दल १९ लाखांच्या वर आणि ११ वर्षं बाकी आहेत. पैसे कसेही आले तरी कर्जातच भरणार. हप्त्यांची आजची किंमत मी काढली तर ७,२२,६०१ आली, म्हणजे हप्ते बरे. बी.कॉम.ला असलेला मुलगा म्हणतो ७,१८,३६७, म्हणजे एकरकमी बरी. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर ८,३२,८६१ सांगतो. कोणाचं खरं मानायचं?

— एक वाचक, सातारा

उत्तर

ताई, तिन्ही आकड्यांपैकी एकही बरोबर नाही. तुमच्या मुलाचा आकडा सगळ्यात जवळचा आहे आणि त्याचा निष्कर्षही योग्य आहे, पण त्याच्या हिशेबातही एक पायरी सुटली आहे. नेमकी किंमत येते ७,१७,२०८ रुपये. हे पाहिलं तर एकरकमी घेण्यात आज २,७९२ रुपयांचा फायदा दिसतो. पण हा फरक एवढा लहान आहे की एक-दोन अटी बदलल्या तर पारडं उलटं झुकेल. त्या अटींकडे नंतर येते, आधी हिशेब.

अडचण एकाच जागी आहे. तुमच्या बँकेचं घड्याळ महिन्याचं आहे आणि भावाचं तीन महिन्यांचं. वर्तमान मूल्याचं, म्हणजे आजच्या किमतीचं, नेहमीचं सूत्र दोन्हीकडे एकच घड्याळ आहे असं धरून चालतं: जितक्या दिवसांनी हप्ता, तितक्याच दिवसांनी व्याज. ही दोन घड्याळं जुळवल्याशिवाय सूत्रात आकडे घातले की ते उत्तर देतं, पण चुकीचं. आणि ते चुकलं आहे हे आकड्याकडे पाहून सहसा कळत नाही.

जुळवण्यासाठी बँकेचं घड्याळ भावाच्या घड्याळावर आणायचं. म्हणजे विचारायचं, की दरमहा व्याज लावणाऱ्या या कर्जात तीन महिन्यांत शंभर रुपयांचे किती होतात? जे उत्तर येईल तो तिमाहीचा समतुल्य दर. वर्षाचा ९ टक्के म्हणजे महिन्याचा ०.७५ टक्के. पहिल्या महिन्याअखेर १०० चे १००.७५ होतात. दुसऱ्या महिन्यात व्याज १०० वर लागत नाही, १००.७५ वर लागतं. तिसऱ्यात आणखी थोड्या मोठ्या रकमेवर. म्हणून १.००७५ ला तीनदा गुणायचं:

```
1.0075 × 1.0075 × 1.0075 = 1.022669172
तिमाही समतुल्य दर = 0.022669172, म्हणजे 2.2669172%
```

मुलाने इथेच ९ भागिले ४ करून २.२५ टक्के घेतले असावेत, कारण त्याचा आकडा त्या दराने तंतोतंत येतो. २.२५ मध्ये व्याजावरचं व्याज धरलेलं नाही. शतांशातला हा फरक नगण्य वाटतो, पण वीस हप्त्यांच्या किमतीत तो १,१५९ रुपये होतो.

दर बरोबर निघाला का, हे तपासायची एक सोपी खूण आहे. वर्षभराच्या वाढीचा आकडा दोन्ही बाजूंनी सारखा यायला हवा. १.००७५ चा बारावा घात घेतला तर १.०९३८ येतो, म्हणजे वर्षाला ९.३८ टक्के. १.०२२६६९१७२ चा चौथा घात घेतला तरी १.०९३८ च येतो. मुलाच्या १.०२२५ चा चौथा घात मात्र १.०९३१ वर थांबतो. हे दोन आकडे जुळले नाहीत तर पुढचा हिशेब करूच नये.

आता दर तिमाहीचा, हप्ता तिमाहीचा आणि हप्त्यांची संख्या २०. नेहमीचं सूत्र आता बिनधास्त वापरता येतं:

```
PV = R × [1 − (1 + j)^(−n)] / j
R = 45000,  j = 0.022669172,  n = 20

(1 + j)^(−20) = 1.0075^(−60) = 0.6386997
[1 − 0.6386997] / 0.022669172 = 15.937958
PV = 45000 × 15.937958 = 717208
```

मधली ओळ नीट बघा. वीस तिमाह्या म्हणजेच साठ महिने, त्यामुळे कंसातला आकडा तिमाही दराने काढा किंवा मासिक दराने, सारखाच येतो. समतुल्य दराचं मुख्य काम खालच्या भागाकारात, छेदात आहे. छेदात चुकून मासिक ०.००७५ राहिला की उत्तर तिप्पट होतं. तशा वेळी ते २१ लाखांच्या पुढे जाईल आणि चूक लगेच ओळखू येईल, कारण भाऊ एकूण देणारच आहे ९ लाख. आजची किंमत एकूण रकमेपेक्षा कधीच जास्त असू शकत नाही.

कॅल्क्युलेटरची गडबड मात्र अशी सहज पकडता येत नाही, कारण ८,३२,८६१ हा आकडा ९ लाखांच्या आतच आहे. तिथे दर महिन्याचा ०.७५ टक्के गेला आहे आणि मुदत २०. त्याने वीस महिने धरले. पाच वर्षांचे हप्ते त्याच्या लेखी पावणेदोन वर्षांच्या आतच संपले, म्हणून किंमत फुगली. बऱ्याच मोबाइल ॲपमध्ये 'वारंवारता' अशी एकच चौकट असते. ती व्याजाची की हप्त्याची, हे ॲप सांगत नाही. अशा ॲपमध्ये वार्षिक दर भरण्याऐवजी वरचा तिमाही दर आपण स्वतः काढून भरावा.

आता तुमचा हिशेब. तुम्ही ४५,००० चे तीन भाग करून दरमहा १५,००० असे साठ हप्ते धरलेत, म्हणून ७,२२,६०१ आले. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि ती वाटते अगदी रास्त: बँकेचं घड्याळ महिन्याचं, म्हणून हप्ताही महिन्याचा केला. पण भाऊ पहिल्या महिन्याच्या शेवटी तुम्हाला १५,००० देत नाहीये. ते १५,००० तिसऱ्या महिन्याच्या शेवटी येणार आहेत, आणि दरम्यान दोन महिने तुमच्या कर्जावर व्याज चढतच राहणार. दरमहा १५,००० खरोखर आले असते तर तिमाहीअखेर कर्ज ४५,३३८ रुपयांनी हलकं झालं असतं. प्रत्यक्षात ते ४५,००० नेच हलकं होईल. म्हणजे दर तिमाहीला ३३८ रुपये तुम्ही भावाच्या नावावर जादा जमा केलेत. वीस तिमाह्यांत हेच ३३८ साठून आजच्या किमतीत ५,३९३ रुपये झाले, आणि तुमचा निर्णय हप्त्यांकडे गेला.

तुम्हाला महिन्याच्या घड्याळावरच राहायचं असेल तर तोही रस्ता आहे, फक्त हप्ता तीनने भागायचा नाही. तो भागायचा ३.०२२५५६२५ ने. हा आकडा १ + १.००७५ + १.०१५०५६२५ असा तयार होतो: तिमाहीतला शेवटचा मासिक हप्ता जसाच्या तसा, मधला एक महिना वाढलेला, पहिला दोन महिने वाढलेला. ४५,००० भागिले ३.०२२५५६२५ म्हणजे १४,८८८.०६. दरमहा १४,८८८ रुपये ६ पैसे असे साठ हप्ते ०.७५ टक्क्याने धरले तर उत्तर पुन्हा ७,१७,२०८ येतं. दोन वेगळ्या वाटांनी गेल्यावर एकच आकडा येतो, म्हणून मी या आकड्याबद्दल निःशंक आहे.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर पहिली तिमाही कागदावर चालवून पाहा. समजा तुमच्या कर्जातला ७,१७,२०८ रुपयांचा तुकडा बाजूला काढला आणि भावाचे हप्ते फक्त त्यातच भरायचं ठरवलं. पहिल्या महिन्याचं व्याज ५,३७९, शिल्लक ७,२२,५८७. दुसऱ्या महिन्याचं व्याज ५,४१९, शिल्लक ७,२८,००६. तिसऱ्याचं ५,४६०, शिल्लक ७,३३,४६६. इथे भावाचे ४५,००० आले, शिल्लक ६,८८,४६६. तीन महिन्यांचं व्याज झालं सुमारे १६,२५८. मुलाच्या २.२५ टक्क्यांनी ते १६,१३७ आलं असतं, आणि मधले १२१ रुपये म्हणजे तेच व्याजावरचं व्याज. असंच पुढे चालवलं की विसाव्या हप्त्याला हा तुकडा बरोबर शून्य होतो, पूर्णांकामुळे काही रुपये इकडेतिकडे होतील तेवढेच. वर्तमान मूल्य म्हणजे हीच रक्कम: भावाचे वीस हप्ते आज कर्जाचा जेवढा तुकडा पुरता फेडू शकतात, तेवढी.

स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर एक ओळ पुरते:

```
=PV((1+9%/12)^3-1, 20, -45000)
```

दराच्या जागी 2.27% असा गोळाबेरीज आकडा टंकू नका. तेवढ्यानेही उत्तर २११ रुपयांनी खाली जातं. कंसातली राशी तशीच ठेवली की पूर्ण दशांशांसह हिशेब होतो.

आता ज्या गोष्टी तुम्ही गृहीत धरल्यात त्यांच्याबद्दल बोलू.

पहिली, ९ टक्के हा दर. तो तुमच्यासाठी योग्य का आहे? बाजारात तो चालतो म्हणून नाही, तर हातात आलेला रुपया तुम्ही याच कर्जात भरणार आहात म्हणून. तुम्ही तसं स्पष्ट लिहिलंत, म्हणून मी याच दराने उत्तर दिलं. हेच पत्र कर्ज नसलेल्या, पैसे मुदत ठेवीत घालणाऱ्या वाचकाचं असतं तर हिशेब पार बदलला असता. समजा ठेवीचा दर ७ टक्के आहे. आपल्याकडच्या बँका मुदत ठेवीवर सहसा तिमाही चक्रवाढ देतात, त्यामुळे तिथे व्याजाचं आणि भावाचं घड्याळ आधीच जुळलेलं आहे. समतुल्य दर काढायची गरजच नाही, सरळ १.७५ टक्के घ्यायचे. त्या वाचकाला हप्त्यांची किंमत ७,५३,८८० येते आणि हप्ते डोळे मिटून घ्यावेत असं उत्तर निघतं. भाऊ तोच, रक्कम तीच, पण पैसा कुठे जाणार यावर उत्तर उलटं. म्हणून एकरकमी घेऊन ती कर्जाऐवजी ठेवीत घालायचा विचार मनात असेल, तर आधी तो निकालात काढा. ९ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना ७ टक्क्यांच्या ठेवीत अडीअडचणीपुरती रक्कम ठेवणं ठीक, त्याहून जास्त ठेवू नये असं माझं मत आहे.

दुसरी, हा दर पाच वर्षं टिकेल हे गृहीतक. घरकर्ज बहुधा बदलत्या दराचं असतं, आणि तुमच्या प्रकरणात काठावरचा दर अगदी जवळ आहे. वार्षिक ८.८४ टक्क्यांच्या आसपास दोन्ही पर्याय सारखे होतात. उद्या दर साडेआठ झाला आणि तिथेच राहिला तर तिमाही समतुल्य दर २.१४००९ टक्के होतो, हप्त्यांची किंमत ७,२५,९६३ होते आणि हप्ते पुढे जातात. दर वाढला तर एकरकमी आणखी पुढे. तेव्हा २,७९२ रुपयांच्या फरकाला ठाम निर्णय समजू नका. तो जवळपास बरोबरीचा सामना आहे.

तिसरं गृहीतक तुमच्या पत्रात शब्दाने आलेलंच नाही, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: पहिला हप्ता कधी? 'दर तीन महिन्यांनी' एवढंच भावाने म्हटलं आहे. मी वर धरलं आहे की पहिले ४५,००० आजपासून तीन महिन्यांनी येतील. व्यवहाराच्या दिवशीच पहिला हप्ता मिळणार असेल तर प्रत्येक हप्ता एक तिमाही अलीकडे सरकतो. मग ७,१७,२०८ ला १.०२२६६९१७२ ने गुणायचं. उत्तर ७,३३,४६७, आणि हप्ते एकरकमीपेक्षा साडेतेरा हजारांनी सरस. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी शेवटी दोन आकडे वाढवावे लागतात:

```
=PV((1+9%/12)^3-1, 20, -45000, 0, 1)
```

इथेही एक नेहमीची चूक होते. लोक १.०२२६६ ऐवजी १.००७५ ने गुणतात, कारण व्याज महिन्याचं आहे हे डोक्यात बसलेलं असतं. हप्ते जितके महिने अलीकडे येतील तितक्या वेळा १.००७५ ने गुणायचं. तिमाहीने अलीकडे आले तर तीनदा, दोन महिन्यांनी आले तर दोनदा.

वेगळ्या वारंवारतेचे हप्ते असणाऱ्या वाचकांनीही हाच धागा धरावा. कर्जावर व्याज दरमहा आणि हप्ता सहामाही असेल तर १.००७५ चा सहावा घात घ्यायचा. ९ टक्क्यांना सहामाही समतुल्य दर ४.५८५२ टक्के येतो, साडेचार नाही. उलट प्रकरण असेल, म्हणजे व्याज तिमाही आणि पैसे दरमहा, तर घात एक-तृतीयांश होतो: ७ टक्क्यांच्या ठेवीसाठी १.०१७५ चं घनमूळ घेऊन एक वजा करायचा. मासिक दर ०.५८०० टक्के येतो, ७ भागिले १२ केल्यावर येणाऱ्या ०.५८३३ पेक्षा थोडा कमी. घात नेहमी असा काढायचा: दोन हप्त्यांमधले महिने भागिले दोन व्याजआकारण्यांमधले महिने.

आता भावाशी काय बोलायचं ते. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की हिस्सा त्याचा, आणि तुमच्याकडे उरतात ते वीस हप्ते येण्याचा भरवसा. सूत्राला वाटतं की प्रत्येक हप्ता ठरल्या तारखेला येतोच. भावाभावांत आणि भावाबहिणींत हप्ता आठ-पंधरा दिवस पुढे जातो आणि कोणी बोलत नाही. एक हप्ता एक महिना उशिरा आला तर तुमचं नुकसान ३३७ रुपये ५० पैसे, ४५,००० चे ०.७५ टक्के. आठ-नऊ हप्ते असे लांबले की हे नुकसानच वरच्या २,७९२ रुपयांच्या फरकाएवढं होतं. त्यामुळे हप्ते घ्यायचे ठरलं तर वीसच्या वीस तारखा वकिलाकडून दस्तात लिहून घ्या, आणि पैसे थेट बँक खात्यात येऊ द्या. खात्यातून कर्जात ते त्याच दिवशी वळते करा. कारण खात्यात पडून राहिलेले ४५,००० हे ९ टक्क्यांनी वाढत नाहीत, आणि मग वरचा सगळा हिशेब लागू राहत नाही. बदलत्या दराच्या घरकर्जात मुदतीआधी पैसे भरायला व्यक्तीला दंड लागत नाही, तरी तुमच्या बँकेत एका वेळी किमान किती रक्कम भरता येते ते आधी विचारून घ्या. भरताना हेही सांगा, की मासिक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची आहे.

भावाला एकरकमी जड जात असेल आणि तुम्हालाही त्याला अडचणीत टाकायचं नसेल, तर मधला मार्ग तारखेत आहे. पहिला हप्ता तीन महिन्यांऐवजी एका महिन्याने द्यायला सांगा, आणि पुढचे तिथून दर तीन महिन्यांनी. त्याच्या खिशावर एक पैसाही जास्त पडत नाही, एकूण ९ लाखच राहतात. तुमच्या बाजूला मात्र ७,१७,२०८ ला दोनदा १.००७५ ने गुणलं जातं आणि किंमत ७,२८,००७ होते, एकरकमीपेक्षा ८,००७ रुपयांनी जास्त. त्याने हे मान्य केलं तर हप्ते घ्या. पहिला हप्ता तीन महिन्यांनंतरच देणार असेल तर ७,२०,००० घ्या आणि त्याच आठवड्यात कर्जात भरा.